बाटली लावली आणि दम वाढला

"सिस्टर, अंगात ताकदच राहिली नाही. एक बाटली लावून द्या ना." वस्तीत फिरताना हे वाक्य आम्हाला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतं. बाटली म्हणजे सलाईन. ती लावली की माणूस उठून बसतो, यावर आपल्या लोकांचा पक्का विश्वास आहे. हा विश्वास उगाच बसलेला नाही, लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आम्हीही पाहिलं आहे. मागच्या उन्हाळ्यात हमाली करणारा एक बावीस वर्षांचा मुलगा दोन दिवसांच्या जुलाबाने अगदी गळून गेला होता. हातपाय गार, जीभ कोरडी, नाडी बारीक आणि मिनिटाला १२०, वरचं बीपी ९०. गल्लीतल्या दवाखान्यात दीड लिटर सलाईन गेलं. तासाभरात नाडी ९० वर आली, हात गरम झाले, लघवी झाली, आणि पोरगा "भूक लागली" म्हणाला. दारात उभ्या असलेल्या दहा-बारा माणसांनी हे पाहिलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याच गल्लीतल्या एका मावशींना त्याच दवाखान्यात नेलं. वय चौपन्न, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. दीड वर्षापूर्वी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. गोळ्या सहा महिने घेतल्या, बरं वाटलं, मग बंद केल्या. आता पंधरा दिवसांपासून अशक्तपणा, जेवण नको, जिना चढताना धाप. मुलाने डॉक्टरांना सांगितलं, "खात नाही म्हणून थकली आहे." अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या दीड तासात गेल्या. घरी येताना मावशी म्हणाल्या, थोडं बरं वाटतंय.

रात्री दीड वाजता सून आमच्या दारात. मावशी खाटेवर पाय खाली सोडून बसलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, बोलता येत नव्हतं. छातीत घरघर, ओठ काळसर, आणि खोकल्याबरोबर गुलाबी फेस. आडवं व्हायला सांगितलं तर हाताने आम्हाला ढकलायच्या. त्यांना तसंच बसवून ठेवलं आणि १०८ ला फोन केला.

मावशी वाचल्या. पण तीच बाटली एकाला उठवते आणि दुसऱ्याला घरच्या खाटेवर बुडवते, असं का, हे गल्लीला नीट सांगता आलं पाहिजे असं आम्हाला वाटलं. "तिला बाटली मानवली नाही" एवढ्यावर लोक थांबतात. मानवली नाही म्हणजे शरीरात नेमकं काय झालं?

त्यासाठी हृदयाची एक सवय समजून घ्यावी लागते. हृदय ही स्नायूंची पिशवी आहे. पिशवी सैल पडते तेव्हा तिच्यात रक्त भरतं, मग ती आवळते आणि रक्त पुढे ढकलते. निरोगी मोठ्या माणसाच्या डाव्या खालच्या कप्प्यात एका ठोक्याआधी साधारण १२० मिली रक्त भरतं. त्यातलं ७० मिली बाहेर जातं आणि ५० मिली आत उरतं. मिनिटाला बहात्तर ठोके धरले तर पाच लिटर रक्त अंगभर फिरतं.

आता या कप्प्यात नेहमीपेक्षा जास्त रक्त आलं तर? घरातली बादली असती तर भरून सांडली असती. हृदय तसं करत नाही. जास्त रक्त आलं की पिशवीची भिंत जास्त ताणली जाते, आणि जास्त ताणलेला स्नायू पुढच्याच ठोक्याला जास्त जोराने आवळतो. जेवढं जास्त आलं, तेवढं जास्त बाहेर. पोरं गलोल ओढतात ती आठवा. रबर जेवढं मागे ओढाल, तेवढा खडा लांब जातो. (ही उपमा अर्धीच खरी आहे. पुढे ती आम्हीच मोडणार आहोत.)

हे शोधणाऱ्यांपैकी एक जर्मनीतला ओट्टो फ्रँक. त्याने १८९५ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवलं की आवळण्याआधी हृदय जेवढं भरलेलं असतं, तेवढा त्याचा दाब वाढतो. दुसरा लंडनचा अर्नेस्ट स्टार्लिंग. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१४ च्या सुमारास कुत्र्याचं हृदय आणि फुफ्फुसं बाकीच्या शरीरापासून वेगळी करून चालू ठेवली, आणि वर टांगलेल्या भांड्यातून हृदयात रक्त सोडलं. भांड्यातून रक्त जास्त सोडलं की हृदय आधी फुगायचं, आणि मग काही ठोक्यांत येईल तेवढं सगळं बाहेर टाकायला लागायचं. त्या हृदयाला मेंदूचा हुकूम पोचत नव्हता. म्हणजे ही अक्कल स्नायूची स्वतःची होती. डॉक्टर लोक याला फ्रँक-स्टार्लिंगचा नियम म्हणतात. हृदय बदललेल्या माणसाचंही तसंच असतं. नव्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, तरी तो माणूस जिना चढायला लागला की पायांतून जास्त रक्त येतं, हृदय जास्त ताणलं जातं आणि जास्त रक्त फेकतं.

या नियमाचं सगळ्यात मोठं काम जिना चढण्याचं नाही. हृदय एक दिसलं तरी ते दोन पंप आहेत. उजवा पंप अंगातून आलेलं रक्त फुफ्फुसांकडे पाठवतो, डावा पंप फुफ्फुसांतून आलेलं रक्त अंगाला पाठवतो. दोघांनी दर ठोक्याला सारखंच रक्त ढकललं पाहिजे. समजा उजव्याने दर ठोक्याला फक्त एक मिली जास्त पाठवलं. मिनिटाला ७० ठोके, म्हणजे मिनिटाला ७० मिली जादा. दहा मिनिटांत ७०० मिली रक्त फुफ्फुसांत अडकलं असतं. निरोगी माणसात असं होत नाही, कारण फुफ्फुसांतून थोडं जास्त आलं की डावा पंप थोडा जास्त ताणला जातो आणि पुढच्या ठोक्यांत हिशोब मिटवतो. हे आपल्याला कळतही नाही. एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा, कारण मावशींच्या त्या रात्रीचं सगळं गणित इथे आहे.

स्नायू ताणल्यावर जोर का वाढतो? दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा. हृदयाच्या स्नायूच्या आत अशाच बारीक तारा एकमेकांत शिरलेल्या असतात. आवळणं म्हणजे या तारांनी एकमेकींना आत ओढणं. बोटं मुळापर्यंत आत घातलेली असतील तर आणखी आत ओढायला जागाच नसते. थोडी बाहेर काढलीत की ओढायला जागा मिळते. दुसरं कारण आणखी महत्त्वाचं आहे. दर ठोक्याला पेशीत कॅल्शियम सुटतं आणि ते या तारांना "ओढा" म्हणून सांगतं. स्नायू ताणलेला असला की तेवढ्याच कॅल्शियमला तारा जास्त दाद देतात. हाक तीच, पण कान जास्त टवकारलेले. हृदयाच्या स्नायूत ताणाने जोर वाढतो तो बराचसा या दुसऱ्या कारणाने.

पण यालाही हद्द आहे. एका ठराविक ताणानंतर तारांची पकड सगळ्यात चांगली होते. त्यापुढे ओढून आणखी जोर मिळत नाही. हृदयाचा स्नायू फार ताणू नये म्हणून त्याच्यात ताठ स्प्रिंगांसारखे धागेही असतात. म्हणून भरणं आणि फेकणं यांचा आलेख काढला तर तो आधी उभ्या चढासारखा वर जातो आणि मग पठारासारखा सपाट होतो. निरोगी माणूस बसला-उठला की या चढावर असतो, पठार त्याच्यापासून लांब असतं. आपण ज्याला हृदयाची शिल्लक ताकद म्हणतो, तिचा मोठा भाग म्हणजे हा शिल्लक चढ.

आता दोघांना या आलेखावर उभं करूया. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. जुलाबाच्या मुलाच्या अंगातलं पाणीच कमी झालं होतं. त्याच्या डाव्या कप्प्यात १२० ऐवजी ७० मिलीच रक्त भरत होतं आणि ३५ मिली बाहेर जात होतं. म्हणून नाडी १२० वर पळत होती. बाटलीने भरणं ११५ पर्यंत नेलं आणि ठोक्याला ६५ मिलीहून जास्त जायला लागलं. तो चढाच्या पायथ्याशी होता, बाटलीने त्याला वर चढवलं. स्नायू चांगला होता, कमी होतं ते फक्त रक्तातलं पाणी.

मावशींचं उलटं होतं. दीड वर्षापूर्वीच्या अटॅकने डाव्या भिंतीचा मोठा तुकडा मेला होता आणि तिथे व्रण तयार झाला होता. उरलेल्या स्नायूवर सगळं काम पडलं. हृदय कमी रक्त फेकायला लागलं की मूत्रपिंडांना कमी रक्त मिळतं. मूत्रपिंडांना बिचाऱ्यांना कुठे माहीत की पंप बिघडला आहे! त्यांना वाटतं, अंगातलं पाणी कमी झालं. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. म्हणजे दवाखान्यात जाण्याच्या आधी कित्येक आठवडे मावशींचं शरीर त्यांना स्वतःच आतून बाटली लावत होतं. सुरुवातीला त्याचा उपयोगही होतो, थोडं जास्त भरलं की थोडं जास्त जातं. पण हळूहळू माणूस पठारावर पोचतो. मावशींचा कप्पा फुगून १८० मिलीचा झाला होता आणि त्यातलं जेमतेम ४५ मिली बाहेर जात होतं. नंतर काढलेल्या इकोच्या कागदावर "२५ टक्के" लिहून आलं ते हेच. निरोगी माणसाचा हा आकडा साधारण ५५ ते ६५ असतो.

अशा हृदयात आणखी दहा मिली भरलं तर बाहेर जाईल एखादं मिली. उरलेलं नऊ मिली जाणार कुठे? आत राहणार आणि कप्प्यातला दाब वाढवणार. आणि तो दाब मागे, फुफ्फुसांवर जाणार.

इथे गलोलीची उपमा मोडते. बरेच लोक, आणि आमच्या शिकण्याच्या काळातल्या काही जुन्या सिस्टरसुद्धा, असं सांगतात की हृदय ताणून ताणून चड्डीच्या इलॅस्टिकसारखं ढिलं पडतं. तसं नाही. फुगलेल्या हृदयात प्रत्येक पेशीतल्या तारा एकमेकींपासून सुटलेल्या नसतात. पेशी लांबीला वाढतात, तारांचे नवे नवे जोड ओळीने लागत जातात, म्हणून पिशवी मोठी होते. आतल्या तारा मात्र आधीच सगळ्यात चांगल्या पकडीच्या लांबीजवळ पोचलेल्या असतात. आणखी ताणायला शिल्लकच नाही. त्यात थकलेल्या पेशींत कॅल्शियमची सोडणूक आणि आवरणूक बिघडते, म्हणजे हाकच क्षीण होते. शिवाय व्रणाने आणि चिवट धाग्यांनी भिंत ताठ झालेली असते, त्यामुळे थोडं जास्त भरलं तरी दाब पटकन वर जातो. आणि पिशवी फुगली की डाव्या बाजूची झडप नीट मिटत नाही. आवळताना काही रक्त पुढे जाण्याऐवजी मागे फुफ्फुसांकडेच उलटतं.

थकलेला स्नायू ताणाला अजिबात दाद देत नाही की थोडी देतो, यावर संशोधकांत वाद झाला आहे. हृदय बदलताना काढलेल्या निकामी हृदयांचा स्नायू जर्मनीतल्या एका गटाने ताणून पाहिला. १९९४ साली त्यांनी सांगितलं की जोर वाढतच नाही. जर्मनीतल्याच दुसऱ्या गटाला १९९६ साली तो थोडा वाढलेला दिसला. आमच्यासारख्यांना रुग्णाच्या खाटेशी दिसतं ते या दोन्हींशी जुळतं. अशा रुग्णाला जास्त पाणी देऊन मिळतं फार थोडं आणि बिघडतं फार.

किती बिघडतं तेही पाहू. फुफ्फुसांत हवेच्या लहान लहान फुग्यांना केसाहून बारीक रक्तवाहिन्या बिलगलेल्या असतात. डाव्या बाजूचा दाब एरवी साधारण ८ ते १२ असतो (बीपी मोजतो त्याच मापात). तो १८-२० च्या वर गेला की रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं. २५ च्या वर ते हवेच्या फुग्यांतच उतरायला लागतं. जुन्या दुखण्यात शरीर थोडी सवय करून घेतं, त्यामुळे मावशी अठरा-वीसवर पंधरा दिवस कशाबशा चालत होत्या. मग दीड तासात एक लिटर सलाईन गेलं. त्यांचा उजवा पंप अजून बराच धड होता. त्याने आलेलं जादा पाणी इमानेइतबारे फुफ्फुसांकडे पाठवलं. डाव्या पंपाने दर ठोक्याला ते उचलायला हवं होतं, पण तो पठारावर होता. वर सांगितलेला एक मिलीचा हिशोब इथे चुकला. रात्री त्या आडव्या झाल्या, तेव्हा दिवसभर पायांत साचलेलं पाणीही वर आलं. गुलाबी फेस म्हणजे हवेच्या फुग्यांत उतरलेलं ते पाणी.

सलाईनमध्ये आणखी एक गोष्ट असते, ती कोणी सांगत नाही. ते नुसतं पाणी नाही, मिठाचं पाणी आहे. एका लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना निरोगी मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. मावशींच्या शिरेत दीड तासात जवळजवळ दोन दिवसांचं मीठ गेलं. मीठ जिथे असतं तिथे पाणी धरून ठेवतं, आणि मावशींची मूत्रपिंडं आधीच मीठ बाहेर टाकायला तयार नव्हती. त्यात ताकद म्हणावी असं काहीच नाही. साध्या सलाईनमध्ये एक कणभरही साखर नसते, प्रथिनं नसतात, जीवनसत्त्वं नसतात.

हॉस्पिटलात मावशींना बसवूनच ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं आणि शिरा सैल करणारं औषध थेंबाथेंबाने चालू केलं. सकाळपर्यंत दीड लिटर लघवी झाली. नाडी १२८ वरून ९६ वर आली आणि मावशी दोन उशांवर टेकून झोपल्या. पाच दिवसांत वजन अठ्ठावन्न किलोवरून साडेचोपन्नवर आलं.

मुलगा गोंधळला. "सिस्टर, एवढं पाणी काढलं, बीपी पडणार नाही का? आधीच अशक्त आहे." प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तर त्याच आलेखात आहे. पठारावर उभ्या माणसाला दहा पावलं मागे आणलं तरी तो पठारावरच राहतो. कप्पा १८० ऐवजी १६५ भरला तरी बाहेर जाणारं रक्त फारसं कमी होत नाही. फुगवटा कमी झाल्याने झडप जरा बरी मिटली तर उलट पुढे जाणारं रक्त वाढूही शकतं. पण दाब मात्र झटकन उतरतो आणि फुफ्फुसं मोकळी होतात. म्हणजे ज्या कारणाने पाणी घालून फायदा होत नाही, त्याच कारणाने पाणी काढून तोटा होत नाही. मावशींचं बीपी पडलं नाही. आणि ज्याला घरचे अशक्तपणा म्हणत होते, तोही पाणी उतरल्यावर कमी झाला, कारण सुजलेल्या यकृतामुळे आणि आतड्यांमुळे त्यांना जेवण जात नव्हतं.

हे आधी ओळखता आलं असतं का? आलं असतं, आणि त्याला मशीनही लागलं नसतं. सुनेला विचारलं तर तिने लगेच सांगितलं, "आधी एका उशीवर झोपायच्या. महिन्यापासून दोन लागायच्या. चार दिवसांपासून भिंतीला टेकून बसूनच झोपत होत्या." आडवं झालं की पायांतलं पाव लिटरहून जास्त रक्त छातीकडे येतं. निरोगी हृदय ते सहज उचलतं. पठारावरचं हृदय उचलत नाही, म्हणून दम लागतो आणि माणूस उठून बसतो. उशा वाढत जाणं हे या दुखण्याचं बोलकं लक्षण आहे. आयसीयूमधले डॉक्टर हीच गोष्ट मुद्दाम करून पाहतात. रुग्णाचे पाय वर उचलतात आणि हृदयाने जास्त रक्त फेकलं का ते मोजतात. फेकलं, तर बाटलीचा उपयोग होईल. नाही, तर बाटली द्यायची नाही. पाय खाली केले की ते रक्त परत जातं, म्हणून ती परीक्षा सलाईनसारखी अंगात अडकून राहत नाही. घरी दम लागलेल्या माणसावर मात्र हा प्रयोग करू नका.

दुसरं, मावशींच्या पायावर कोणी अंगठा दाबला नव्हता. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि काढा. खड्डा तसाच राहिला तर तिथे पाणी साचलं आहे. सूज इतरही कारणांनी येते, मूत्रपिंडाच्या, यकृताच्या, दिवसभर उभं राहण्याच्याही. पण ज्याला अटॅक येऊन गेला आहे, ज्याची झडप खराब आहे, जिला बाळंतपणानंतर धाप लागली होती, अशा माणसाच्या पायावर खड्डा पडत असेल आणि उशा वाढल्या असतील, तर त्याच्या अशक्तपणाला बाटली हा उपाय नाही. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य "अशक्तपणा आहे" असं म्हणू नका. "अटॅक येऊन गेला आहे, पाय सुजले आहेत, आडवं झालं की दम लागतो" असं म्हणा. डॉक्टरांचा हात बाटलीकडे जाता जाता थांबायला एवढं पुरतं. गर्दीच्या दवाखान्यात छाती तपासायला दोन मिनिटं मिळत नाहीत आणि बाटलीचे पैसे मिळतात, हेही खरं आहे. पण त्या दिवशी बाटली मागितली होती आपल्याच माणसांनी.

इकोचा आकडा चांगला आला म्हणजे धोका नाही, असंही समजू नका. बरीच वर्षं बीपी वाढलेलं असलं की काहींचं हृदय आवळतं चांगलं, पण सैल पडताना ताठ राहतं. त्यांचा आकडा साठ असतो आणि तरीही थोड्याशा जादा पाण्याने दाब चढतो. वयस्कर बायकांत हे जास्त दिसतं.

मावशींना आता चार प्रकारच्या गोळ्या आहेत. लघवीची गोळी त्यांना पठारावर मागे आणते, पण आलेख बदलत नाही. बाकीच्या गोळ्या हृदयावरचा भार कमी करतात आणि महिनोन्‌महिने घेतल्या की काहींचा आलेखच थोडा वर उचलला जातो. मावशींचा पंचवीसचा आकडा आठ महिन्यांनी पस्तीस झाला. बरं वाटलं म्हणून याच गोळ्या बंद करू नयेत, असं आम्ही सांगतो ते या दहा टक्क्यांसाठी. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, मावशी वजन करतात. काटा गल्लीतल्या सहा घरांनी मिळून घेतला आहे. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं वजन नसतं, पाण्याचं असतं. तेव्हा पायावर सूज दिसायची वाट न बघता दाखवायला जायचं.

मावशींना बाटली कधीच चालणार नाही, असाही अर्थ काढू नका. आमच्याकडे आता काही घरांत उलटीच भीती बसली आहे, आणि तीही घातक आहे. या पावसाळ्यात मावशींना जुलाब झाले. दिवसात आठ वेळा. वहीत वजन होतं चोपन्न, ते दुसऱ्या दिवशी साडेएक्कावन्न झालं. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, लघवी अगदी थोडी आणि गडद, नाडी ११२. पायावर खड्डा नाही, आणि रात्री एका उशीवर झोप. त्यात लघवीची गोळी चालूच होती. म्हणजे या वेळी मावशी पठारावरून घसरून चढावर, त्या हमाल मुलाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. आता त्यांच्या हृदयाला भरणं कमी पडत होतं.

सून वही घेऊन गेली. डॉक्टरांनी छाती ऐकली, फुफ्फुसं स्वच्छ होती. लघवीची गोळी दोन दिवस बंद केली, ओआरएस घोटघोट द्यायला सांगितलं आणि अडीचशे मिली सलाईन सावकाश लावलं. ते संपल्यावर पुन्हा छाती ऐकली आणि नाडी मोजली. नाडी ९४ झाली होती, श्वास मोकळा होता, हात गरम. मुलाने विचारलं, "डॉक्टर, उरलेली अर्धी पण लावून टाका ना, बाटली फोडलीच आहे." डॉक्टरांनी सुई काढली. तिसऱ्या दिवशी वहीत त्रेपन्न लिहिलं गेलं, पाचव्या दिवशी चोपन्न, आणि त्या दिवसापासून डॉक्टरांनी गोळी परत चालू केली.